उंटावरचं ओझं

ताई, मी 11 वर्षांपासून ओमानमध्ये सोहारला एका प्लांटमध्ये शिफ्टवर काम करतो. आबा 78 चे, माय 72 ची, दोघंच पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. बहीण धुळ्याला दिलेली, ती पंधरा दिवसांनी जाऊन येते. मी पैसे पाठवतो, रोज फोन करतो. यंदा आखाजीला बहीण बोलून गेली, 'तुझं बरं आहे, उंटावरून शेळ्या हाकतोस.' तेव्हापासून झोप नीट लागत नाही. इथले मित्र समजूत घालतात, 'घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी.' ऐकून पाच मिनिटं बरं वाटतं, मग तेही खोटं वाटायला लागतं. मनाला धीर देईल पण खोटं बोलणार नाही अशी एखादी म्हण असेल तर सांगा.

भाऊ,

बहिणीचीच म्हण हातात घ्या. ती लागली ना, मग तिच्यात काहीतरी खरं असणार.

आपल्या खान्देशात पिकं निघाली की काठेवाडी मेंढपाळ उतरतात, ते तुम्ही लहानपणी बघितलेच असतील. त्यांच्याकडे उंटही असतो आणि कळपही. पण उंटावर बसून कळप हाकणारा माणूस मी कधी बघितला नाही. उंटाच्या पाठीवर संसार असतो: बाज, भांडी, गोधड्या, एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. कळपामागे मात्र कोणीतरी काठी घेऊन पायी चालत असतं, कारण कुठली लंगडते, कुठली मागे राहिली हे पायी चालणाऱ्यालाच दिसतं. उंट आहे म्हणून कोणी त्याला नावं ठेवत नाही. तो ओझं वाहतो. त्याने ओझं खाली टाकलं आणि वरून नुसती हाळी द्यायला लागला, तर मात्र बहीण म्हणाली तेच होतं.

म्हणून आधी स्वतःला एक विचारा. गेल्या महिन्यात तुम्ही बहिणीला फोनवर काय काय सांगितलंत? 'डॉक्टर बदलून बघ', 'आबांना एकटं शेतात जाऊ देऊ नको', 'मायला मीठ कमी दे'. यातलं किती तिला आधीच माहीत होतं, आणि किती कामं करायला तिलाच बसमध्ये चढावं लागणार होतं? तेवढं बोलणं म्हणजे हाकणं. ते सोडता येतं. तुमचं लांब असणं आज सोडता येत नाही, पण लांबून हुकूम देणं आजपासून सोडता येतं. तिचा राग मला तरी त्या हुकमांवरचा वाटतो, सोहारवरचा नाही.

ओझं वाहणं कशाला म्हणायचं, तेही सांगते. जे काम कागदावर, फोनवर, पैशावर होतं ते सगळं तुमच्याकडे घ्या. विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, औषधं संपायच्या आठ दिवस आधी नव्याची सोय, डॉक्टरची वेळ घेणं, सगळ्या रिपोर्टचे फोटो तारखेप्रमाणे एका जागी ठेवणं. आबांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, म्हणजे बँकेच्या रांगेत उभं राहणं वाचतं. फोन हातात धरायला तेवढं कोणीतरी लागतं. दोघांचंही वय 70 च्या वर आहे. आयुष्मान योजनेतून 70 आणि त्यापुढच्या वयाच्यांना उत्पन्न न बघता वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतच्या उपचाराचं वेगळं कार्ड मिळतं, ही सोय 2024 च्या ऑक्टोबरपासून आहे. ते काढलंय का? जवळची कोणती रुग्णालयं त्या यादीत आहेत, हे तुम्ही सोहारला बसून शोधू शकता. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर ती खणायची पाळी बहिणीवर येईल, तीही स्ट्रेचरच्या बाजूला उभं राहून.

आता घारीचं. ती म्हण तुम्हाला पाच मिनिटांनी खोटी वाटते, ते बरोबर आहे. घार दिवसभर आकाशात असली तरी घरट्यात परत येते, चोचीत काहीतरी घेऊन. तुम्ही वर्षातून एकदा येता. त्या म्हणीत लक्ष असण्याबद्दल सांगितलंय, ती लक्ष ठेवण्याची जागा घेऊ शकत नाही. 'माझं चित्त तिकडे आहे' एवढं म्हणा, तेवढा तिचा भाग खरा आहे. तिचा दुसरा धोका मला जास्त वाटतो. त्यात पिलं कोण? आबा 78 वर्षांचे आहेत, त्यांनी दुष्काळात विहिरीचं पाणी पुरवून पुरवून वापरलेलं असेल, सोसायटीचं कर्ज फेडलेलं असेल. त्यांना पिलू धरून बोलायला लागलात की ते तुमच्यापासून गोष्टी लपवायला लागतील. लपवणं कसं असतं ते मला माझ्या घरातून माहीत आहे.

मी 14 वर्षं भोपाळला शिकवत होते आणि माझी आई शिरपूरकडच्या आमच्या गावी एकटी होती. रोज रात्री आठला फोन. मी विचारायचे, 'कशी आहेस?' ती म्हणायची, 'बठ्ठं बरं शे.' मी विचारायचे, 'गोळ्या घेतेस ना?' ती म्हणायची, 'लेस ना माय.' मला वाटायचं, चला, आजचा दिवस झाला. एका महिन्याच्या 22 तारखेला मी काही न सांगता घरी गेले. दारातच मला तिच्या पायातली चप्पल दिसली, पट्टा सैल करून शेवटच्या भोकात अडकवलेला. तिच्या पावलावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

बिबड्यांच्या डब्यामागे गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी, रोज एक. 2 तारखेला 30 गोळ्या आणलेल्या, दुकानाची चिठ्ठी तिथेच होती. 21 तारखेपर्यंत 20 गेलेल्या असायला हव्या होत्या, उरायला हव्या होत्या 10. मी बाजेवर बसून मोजल्या, दोनदा मोजल्या. 21 होत्या.

आई कंटाळून किंवा विसरून टाळत नव्हती. ती सगळ्याच गोळ्या रात्री जेवणानंतर घ्यायची. पाण्याची गोळी रात्री घेतली की तीन तीन वेळा उठावं लागायचं, संडास अंगण ओलांडून पलीकडे, आणि पावसात अंगणात शेवाळ धरलेलं. एकदा ती घसरता घसरता खांबाला धरून वाचली होती. तिने तिच्या अक्कलहुशारीने मार्ग काढला: ज्या दिवशी अंगण ओलं, त्या दिवशी गोळी नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती गोळी सकाळी घ्यायला सांगितली, कारण ती एरवीही बहुतेकांना सकाळीच देतात. आम्ही अंगणात दिवा लावला, रात्रीसाठी खोलीत भांडं ठेवलं. आठ दिवसांत पाय उतरले. (तुमच्या घरी असं काही निघालं तर गोळीची वेळ मनाने बदलू नका, डॉक्टरांनाच विचारा. प्रत्येक गोळीचं गणित निराळं असतं.)

भाऊ, माझा तो रोजचा आठचा फोन म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात होता. मी भरपेट जेवून उठत होते आणि आई उपाशी होती. हे स्वतःशी कबूल करायला मला फार दिवस लागले. पण कबूल केल्यावर फोन सुधारता आला. 'बठ्ठं बरं शे' हे उत्तर ज्या प्रश्नाला देता येतं, तो प्रश्नच मी विचारायचा सोडला. घरात वजनकाटा आणला आणि सोमवारी-गुरुवारी सकाळी, काही खाण्याआधी, तिला त्यावर उभं करायची जबाबदारी शेजारच्या वहिनींनी घेतली. मग मी विचारायचे, 'काटा काय म्हणतो?' आकडा बरा-वाईट नसतो, तो आकडा असतो. हृदयाच्या त्रासात तीन दिवसांत दोनेक किलो वाढले तर ते अंगावरचं मांस नसतं, पाणी साठत असतं, आणि डॉक्टरांना कळवायचं असतं. गोळ्यांचंही तसंच. 'घेतेस का' ऐवजी 'पट्टी कॅमेऱ्यासमोर धर' म्हणायचं, आणि रिकामी घरं मोजायची. हे रोज करू नका, नाहीतर शाळेतली हजेरी होईल. आठवड्यातून एकदा, गप्पांच्या ओघात पुरतं.

इतकं करूनही फोनवरून काही गोष्टी कळतच नाहीत. घरातला वास कळत नाही, उठताना भिंतीला हात लागतो का ते कळत नाही, भाकरी दोन वेळा होते की सकाळचीच रात्री खातात ते कळत नाही. ते बहिणीलाच कळतं. म्हणून तिला सूचना देण्याऐवजी तिला विचारा: 'तुला या खेपेला काय वेगळं दिसलं?' ती बोलेल तेव्हा मध्ये उपाय सांगू नका. तिचं पूर्ण होऊ द्या. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण तुम्ही स्वतःसाठी वापरत असाल. ती तिला देऊन टाका.

रात्रीच्या झोपेबद्दल. मन चिंती ते वैरी न चिंती, हे तुम्हाला सांगायला नको. माय एकदा फोन उचलत नाही आणि तुमच्या डोळ्यासमोर सगळं होऊन जातं. त्यावर मनाला समजावून उपयोग नसतो, मनाला पायऱ्या द्याव्या लागतात. मायने उचलला नाही तर आबा. आबांनी नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा माय, कारण ती मंदिरात असेल किंवा फोन चार्जिंगला असेल. मग शेजारी, ज्यांच्याकडे घराची एक किल्ली ठेवलेली आहे. मग बहीण. हा क्रम कागदावर लिहून त्या चौघांनाही माहीत असू द्या. तुमच्या आणि भारताच्या घड्याळात दीड तासाचं अंतर आहे. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथले अकरा, त्या वेळी गावात कोणी फोन उचलला नाही तर ते झोपलेले असतात.

आणि खरंच काही झालं तर? तेही बोलू या, कारण तुमची झोप तिथेच उडते असं मला वाटतं. मेंदूच्या झटक्याचं उदाहरण घ्या. तोंड एका बाजूला ओढलं जातं, एक हात वर उचलला तर खाली पडतो, जीभ जड होते. रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही स्कॅन करून खात्री झाल्यावर. आता तुमचा प्रवास मोजा. सोहारहून मस्कतचा विमानतळ 200 किलोमीटरच्या आसपास, तिथून मुंबई, मुंबईहून पारोळा. सुट्टी त्या क्षणी मिळाली आणि तिकीट लगेच निघालं तरी एक दिवस जातो. म्हणजे पहिल्या दिवसावर तुमचा हक्कच नाही. तो दिवस गावाचा आहे.

हे ऐकायला कठोर वाटेल, पण मला स्वतःला याच वाक्याने सगळ्यात जास्त धीर दिला. पहिला दिवस माझा नाही. पुण्यात असते तरी त्या साडेचार तासांत मी पोचले नसते. गाव करी ते राव न करी म्हणतात ना, ते अशा वेळी शब्दशः खरं असतं. शेजाऱ्याची जीप वाचवते, तुमचं तिकीट नाही. मग तुमचं काम एवढंच की त्या दिवशी गावाला काही शोधत बसावं लागू नये. शेजाऱ्याला ही तीन लक्षणं माहीत असावीत. स्कॅनची सोय असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवलेलं असावं, म्हणजे गाडी आधी भलत्याच दवाखान्यात जाणार नाही. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असावा: दोघांच्या गोळ्यांची नावं, कशाची ॲलर्जी, डॉक्टरचा नंबर, बहिणीचा नंबर. रुग्णवाहिकेचा 108 इथल्याच फोनवरून लागतो, तिकडून तुम्ही लावलात तर इथे पोचत नाही. म्हणून तो शेजाऱ्याने लावायचा, हे आधी ठरलेलं असावं. आणि 20-25 हजार रुपये शेजाऱ्याकडे किंवा बहिणीकडे वेगळे, ज्यांना दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही.

त्या शेजाऱ्याचे उपकार मात्र गृहीत धरू नका. सुट्टीवर आलात की आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. त्यांच्या मुलाचा फॉर्म भरायचा असेल तर सोहारहून तुम्ही भरून द्या. गाव करतं, पण गावाचीही कामं असतात.

तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मनातला शब्द 'अपराध' असावा. आपल्या भाषेत या जागेला दुसरा शब्द आहे, रुखरुख. अपराध केलेल्याचा असतो. कोणाला न विचारता आबांची जमीन विकली असती, फोन बंद ठेवला असता, तर तो अपराध. तुम्ही पोटासाठी गेलात, आणि पाठवलेल्या पैशातून घराला स्लॅब पडला असेल, मायचे डोळे झाले असतील. तरीही माय दुपारी एकटी दारात बसते हे खरं आहे, आणि त्याची रुखरुख राहणार. ती जावी म्हणून धडपडू नका. ती मला भोपाळला 14 वर्षं होती, आणि तिनेच मला त्या 22 तारखेला न सांगता बसमध्ये बसवलं.

मायला काय सांगायचं याबद्दल एकच सांगते. 'दिवाळीला नक्की येतो' असं रजा मंजूर होण्याआधी म्हणू नका. ती त्या शब्दावर डाळ भरडून ठेवते, गल्लीत सांगते, मग रजा नाही मिळाली की गल्लीला उत्तर तिला द्यावं लागतं. 'रजेचं 3 तारखेला कळेल, 4 ला तुला सांगतो' असं म्हणा, आणि 4 ला सांगा, नकार असला तरी सांगा. लांबच्या माणसाचा शब्द हीच त्याची हजेरी असते. आणि नाही जमलं तर कारणांची रांग लावू नका. 'या खेपेला येता येत नाही, मलाही वाईट वाटतंय' एवढं तिला पुरतं. ती रडली तर रडू द्या, लगेच व्हिडिओवर नातवंडं पुढे करू नका.

बहिणीशी रविवारी बोला, ती घरी निवांत असेल तेव्हा. 'तू म्हणालीस ते खरं होतं. मी वरून हाकत होतो' असं सरळ म्हणा. 'पण' लावू नका. आणि 'पैसे लागले तर सांग' हे वाक्य तिच्यासाठी बंद करा. त्यात मागायचं ओझं तिच्यावर येतं, आणि सासरी राहून भावाकडे मागणं कोणत्याच बहिणीला सोपं नसतं. दर खेपेचं बसभाडं, दवाखान्यात मोडलेला दिवस, जाताना नेलेली फळं, सगळ्याचा अंदाज धरून दर महिन्याला एक ठरलेली रक्कम तिच्या खात्यात जाऊ द्या, आईवडिलांच्या पैशापासून वेगळी. हिशोब विचारू नका.

मग पुढच्या सुट्टीचं ठरवा. सुट्टी म्हटली की आपण पाहुण्यासारखे येतो, माय खापरावरचे मांडे करते, आणि बहीण तेवढे दिवस उलट जास्त राबते. या वेळी आल्या आल्या तिला सांगा की दहा दिवस तिने गावाकडे फिरकायचं नाही, हवं तर लेकरांना घेऊन कुठे जाऊन यावं. त्या दहा दिवसांत आबांना डॉक्टरकडे तुम्ही न्या, मायला पहाटे उठताना हात तुम्ही द्या, रात्रीच्या गोळ्या तुमच्या हाताने द्या. अकराव्या दिवशी ती आली की चहा तुम्ही ठेवा, आणि काय काय दिसलं ते तिला सांगा. त्या दिवशी विचारणारी ती असेल.